बिल ‘वर’ गेलंय म्हणजे नेमकं कुठं?

*मी इचलकरंजीहून कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बीसीएच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवायला येते. कोर्स विनाअनुदानित आहे, तासिकेला ४०० रुपये. जुलै ते ऑक्टोबरचं मानधन फेब्रुवारी लागला तरी नाही. बिलावर प्राचार्यांची सही नोव्हेंबरातच झाली. अकाउंट सेक्शनला विचारलं की आधी ‘बिल वर गेलंय’ म्हणायचे, आता म्हणतात ‘हजेरी जुळत नाही’. माझ्या वहीत ७६ तासिका आहेत, त्यांच्या मस्टरवर ७१. दोनदा सही करायची राहिली, एक तासिका पुराच्या सुट्टीत ऑनलाइन घेतली, एक दुसऱ्या सरांच्या बदली. पत्र कडक लिहू की गोडीत? कडक लिहिलं तर जूनला पुन्हा बोलावणार नाहीत अशी भीती वाटते. ऑर्डर, वेळापत्रक आणि वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवत आहे.*
*— एक व्हिजिटिंग लेक्चरर*

मॅडम, कडक की गोड हा विचार आधी बाजूला ठेवा. माझी बरीच वर्षं कॉलेजच्या ऑफिसात, त्यातही लेखा विभागात गेली. तिथं पत्र आलं की आम्ही त्याचा सूर बघत नव्हतो. या कागदावर पैसे सोडता येतील का, आणि ऑडिटरनं उद्या बोट ठेवलं तर काय दाखवायचं, एवढंच बघायचो. ‘गेले चार महिने मी हेलपाटे घालते आहे’ हे खरं असतं, वाचून वाईटही वाटतं, पण व्हाउचरला जोडता येत नाही. तुमच्या पत्राला जोडलेला तक्ता मात्र जोडता येतो. म्हणून पत्र अर्ध्या पानाचं आणि तक्ता नीट, असं करा.

तुमचं बिल अडलंय ते ७६ आणि ७१ यांच्यामधल्या पाचात. अकाउंटवाल्याला ७१ चे पैसे काढायला हरकत नाही, पण बिल ७६ चं आहे आणि त्यावर प्राचार्यांची सही आहे. स्वतःच्या मनानं आकडा कमी केला तर तुम्ही भांडणार, न करता काढला तर ऑडिटर विचारणार. मग तो काय करतो? बिल फाईलला लावून ठेवतो. ‘वर गेलंय’ याचा अर्थ पुष्कळदा ‘माझ्याच टेबलावर खालच्या कप्प्यात आहे’ असाच असतो. त्या पाच तासिकांचा निकाल तुम्ही स्वतः लावून द्या, म्हणजे त्याला कप्पा उघडायला निमित्त मिळेल.

त्यासाठी चार कागद शेजारी ठेवून बसायचं: तुमची वही, कॉलेजचं तासिकांचं मस्टर, वेळापत्रक आणि विद्यार्थ्यांचं हजेरीपत्रक. मस्टर ऑफिसात असतं. विभागप्रमुखांना सांगून ते एकदा बघायला मागा आणि सही असलेल्या तारखा उतरवून घ्या. कुणाच्या ‘७१ भरतात हो’ यावर जाऊ नका. महिना संपताना बेरीज चुकणं, जुलैच्या पानावरची शेवटची ओळ धरायची राहणं, हे नेहमीचं आहे. फरक तारखेनं सापडतो, बेरजेनं नाही. तुमच्या वहीतली एक तारीख घ्यायची, मस्टरवर आहे का बघायची, नसेल तर ती वेगळ्या कागदावर काढायची.

आता तुमच्या पाच तासिका. फोटो मोठे करून मी वहीची पानं वाचली.

सही राहिलेल्या दोन तासिका तुमच्या हक्काच्या आहेत. त्या दिवशी त्या वेळेला तुमच्या विषयाची हजेरी घेतलेली आहे, हे विद्यार्थ्यांच्या हजेरीपत्रकावर दिसतं. वेळापत्रकही त्याला धरून आहे. दोन कागद एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिसऱ्यावरची सही राहिली हे विभागप्रमुख लिहून देऊ शकतात. पण एक कळकळीनं सांगतो. कुणी प्रेमानं म्हणेल, ‘मॅडम, मस्टरवर जागा आहे, आत्ता सही करून टाका.’ करू नका. मागच्या तारखेची सही शाईवरून, शेजारच्या ओळीवरून ओळखू येते आणि मग त्या दोनच नव्हे, सगळ्या ७१ सह्यांकडे संशयानं बघितलं जातं. मस्टर आहे तसं राहू द्या. विभागप्रमुखांनी आजच्या तारखेनं प्रमाणपत्र द्यावं: ‘अमुक दोन दिवशी तासिका झाली, हजेरीपत्रकाप्रमाणे खात्री केली, मस्टरवर सही राहून गेली.’ हजेरीपत्रकाच्या त्या दोन पानांच्या झेरॉक्सवरही त्यांचीच सही आणि शिक्का घ्या.

बदली तासिकेचं थोडं वेगळं आहे. वेळापत्रकात त्या वेळेला तुमचं नाव नाही, त्यामुळं अकाउंटवाल्यानं ती धरली नाही आणि त्यात त्याची चूक नाही. ती तासिका मूळ सरांच्याही नावावर लागली असेल तर कॉलेज एकाच तासाचे दोनदा पैसे देऊन बसेल, ही त्याची भीती असते. बहुतेक विभागांत तासिका बदलाची वही किंवा निदान चिठ्ठी असते. ती शोधा. नसेल तर विभागप्रमुखांच्या प्रमाणपत्रात एक वाक्य वाढवून घ्या, की ही तासिका संबंधित शिक्षकांच्या नावे धरलेली नाही. या वाक्याशिवाय ती मंजूर होणार नाही.

ऑनलाइन घेतलेली तासिका अवघड आहे. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं की आपल्याकडं सगळ्यांचं लक्ष सुट्टीच्या आदेशाकडं लागतं. ४३ फुटांची धोक्याची पातळी जवळ आली की शाळा-कॉलेजं बंद होतात. त्या दिवशी कॉलेज कागदावर बंद होतं. मस्टर उघडलंच नव्हतं, तर सही कुठं करणार? तुम्ही शिकवलंत हे खरं, पण तुमच्या ऑर्डरमध्ये ऑनलाइन तासिकेचा शब्दही नाही. ती मूळ रकमेत घातलीत तर बाकीच्या सगळ्यांसह बिल पुन्हा मंजुरीला जाईल आणि ४०० रुपयांपायी २९ हजार अडकतील. ती तक्त्याखाली वेगळी दाखवा, ‘स्वतंत्र मंजुरीसाठी’ असं लिहून. वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकलेला संदेश आणि हजर मुलांची यादी असेल तर तीच जोडा. मिळाले तर मिळाले.

पाचवी तासिका तुमच्या पत्रात नाही, पण वहीत आहे. सप्टेंबरच्या पानावर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, ‘युवा महोत्सवाची तयारी, वर्ग झाला नाही.’ तरी पुढं आकडा टाकलाय. इचलकरंजीहून एसटीनं येऊन तसंच परत जायचं, याचा राग मला कळतो. कॉलेजनं आदल्या दिवशी फोन करायला हवा होता. पण ऑर्डर घेतलेल्या तासिकेचं मानधन देते, येण्याचं नाही. ही एक सोडून द्या आणि सोडल्याचं तक्त्यात लिहा. स्वतःहून एक कमी केलेली दिसली की तपासणारा बाकीच्या तीनांकडं वेगळ्या नजरेनं बघतो, हा माझा टेबलाच्या पलीकडचा अनुभव आहे.

म्हणजे ७१ अधिक ३, एकूण ७४ तासिका. ४०० रुपयांप्रमाणे २९,६०० रुपये. मूळ बिल ३०,४०० चं होतं आणि त्यावर प्राचार्यांची सही आहेच. इथं तुमचा एक फायदा आहे. मंजूर रकमेच्या आत बिल पास करायला बहुतेक ऑफिसांत नव्यानं मंजुरी लागत नाही. लेखापाल ‘तपासून २९,६०० ला पास’ असा शेरा मारू शकतो. जास्त रकमेला मात्र सगळा जिना पुन्हा चढावा लागतो.

आणखी एक फाटा आधीच बंद करून टाका. तुमच्या वेळापत्रकात तासिका ४८ मिनिटांची आहे. ऑर्डरमध्ये शब्द आहेत, ‘प्रति तासिका रु. ४००, वेळापत्रकाप्रमाणे’, त्यामुळं तुम्ही निर्धास्त राहा. पण ज्यांच्या ऑर्डरमध्ये ६० मिनिटांच्या घड्याळी तासाचा दर लिहिलाय, त्यांचा हिशेब बदलतो. तुमच्याच ७४ तासिका मिनिटांत धरल्या तर ३,५५२ मिनिटं, म्हणजे ५९.२ तास होतात, आणि मानधन २३,६८० रुपयांवर येतं. जवळजवळ सहा हजारांचा फरक! ऑफिसात नवा माणूस आला की असा हिशेब निघतो. म्हणून पत्रात ऑर्डरचा जावक क्रमांक, तारीख आणि दराचे ते शब्द जसेच्या तसे उतरवा. मागच्या सत्राचं मानधन याच पद्धतीनं मिळालं असेल तर त्याचाही एका ओळीत उल्लेख करा.

पत्र कुणाच्या नावे लिहायचं? प्राचार्यांची मंजुरी झालेली असल्यामुळं थेट लेखा विभागाला, विभागप्रमुखांमार्फत, आणि प्रत प्राचार्यांना. मंजुरीच झाली नसती तर मी उलट सांगितलं असतं, कारण लेखापालाला खर्च मंजूर करायचा अधिकार नसतो. मसुदा असा:

> प्रति,
> मा. लेखापाल, लेखा विभाग,
> (महाविद्यालयाचं नाव), कोल्हापूर
>
> मार्फत: मा. विभागप्रमुख, बीसीए विभाग
>
> विषय: जुलै ते ऑक्टोबर या सत्रातील तासिका मानधनाच्या देयकातील फरकाची पूर्तता
>
> संदर्भ: १) नेमणूक आदेश जा. क्र. ……, दि. …… २) मूळ देयक रु. ३०,४००, मा. प्राचार्यांची मंजुरी दि. ……
>
> महोदय,
>
> संदर्भीय आदेशानुसार मी बीसीए भाग १ या वर्गास गणित विषयाच्या तासिका घेतल्या. आदेशातील दर ‘प्रति तासिका रु. ४००, वेळापत्रकाप्रमाणे’ असा आहे. मूळ देयकातील ७६ तासिका व मस्टरवरील ७१ तासिका यांत फरक असल्याचे आपल्या विभागाकडून समजले. त्यानुसार मी तारीखवार पडताळणी केली असून तपशील सोबतच्या तक्त्यात दिला आहे.
>
> मस्टरप्रमाणे ७१ आणि विभागप्रमुखांनी प्रमाणित केलेल्या ३, अशा एकूण ७४ तासिकांचे रु. २९,६०० देय होतात. मूळ देयकातील १ तासिका मी मागे घेत आहे. १ ऑनलाइन तासिका स्वतंत्र मंजुरीसाठी वेगळी दाखवली असून तिच्यासाठी वरील रक्कम थांबवू नये, ही विनंती.
>
> सदर रक्कम माझ्या बँक खात्यात दि. …… पर्यंत जमा करावी. आणखी एखादी पूर्तता आवश्यक असल्यास ती लेखी कळवावी.
>
> सोबत: १) तासिकांचा तक्ता २) विभागप्रमुखांचे प्रमाणपत्र ३) हजेरीपत्रकाच्या २ पानांच्या साक्षांकित प्रती ४) तासिका बदलाची चिठ्ठी ५) नेमणूक आदेशाची प्रत ६) पॅन कार्डाची प्रत व रद्द केलेला धनादेश
>
> प्रत: मा. प्राचार्य, माहितीसाठी

यात ‘त्वरित’, ‘वारंवार विनंती करूनही’ असं काही नाही, आणि व्याजाचा, कोर्टाचा उल्लेखही नाही. त्या ऐवजी एक तारीख आहे. ती पत्र दिल्यापासून १५ दिवसांची टाका, पण कुठल्याही परिस्थितीत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापुढं जाऊ देऊ नका. ३१ मार्चला हिशेब बंद होतो. तुमचं देयक त्या वर्षाच्या खर्चात बसलं नाही किंवा देणं म्हणूनही दाखवलं गेलं नाही, तर एप्रिलनंतर ते ‘मागील वर्षाचं देयक’ होतं आणि त्याला नव्यानं कारणं द्यावी लागतात. फेब्रुवारीत पत्र देणं हे तुमच्या दृष्टीनं अगदी वेळेवर आहे. ‘लेखी कळवावी’ हे शब्दही काढू नका. तोंडी कारण दर आठवड्याला बदलतं, लेखी कारण एकदाच द्यावं लागतं.

तक्ता ७४ ओळींचा होईल, होऊ द्या. प्रत्येक ओळीत तारीख, वार, तासिका क्रमांक आणि वेळ, शिकवलेला घटक, हजर विद्यार्थ्यांची संख्या, मस्टरवर सही आहे की नाही, आणि शेरा. मुलांची नावं किंवा रोल नंबर घालायची गरज नाही. संख्या पुरते, बाकी हजेरीपत्रकावर आहेच. ज्या दिवशी सातच मुलं होती तिथं सातच लिहा. मानधन तुम्ही घेतलेल्या तासिकेचं आहे, मुलांच्या गर्दीचं नाही. तिथं फुगवून वीस लिहिलेत आणि हजेरीपत्रकावर सात निघाले, तर चांगल्या चाललेल्या कामाला खोडा बसेल. महिना संपला की खाली त्या महिन्याची बेरीज टाका, मस्टरही महिन्यानंच लागतं. शेवटच्या पानावर फरकाचा छोटा चौकोन काढा:

| तपशील | तासिका | रक्कम (रु.) |
|---|---|---|
| मस्टरप्रमाणे | ७१ | २८,४०० |
| सही राहिली, हजेरीपत्रकाप्रमाणे प्रमाणित | २ | ८०० |
| बदली तासिका, प्रमाणित | १ | ४०० |
| आता देय | ७४ | २९,६०० |
| ऑनलाइन, स्वतंत्र मंजुरीसाठी | १ | ४०० |
| मागे घेतली | १ | ४०० |
| मूळ देयक | ७६ | ३०,४०० |

अकाउंटवाला सगळ्यात आधी हा चौकोन बघेल, मग चार-पाच तारखा मस्टरशी ताडून पाहील. त्या जुळल्या की बाकीच्या ओळी तो बहुधा बघणारही नाही.

पत्र दोन प्रतींत न्या. एक आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. ‘ठेवून जा, साहेब आले की देतो’ असं म्हटलं तर हसून सांगा, शिक्का मिळेपर्यंत थांबते. अगदीच नकार आला तर तेच पत्र आणि तक्ता पीडीएफ करून कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टानं. मूळ वही आणि मूळ ऑर्डर मात्र कुणाकडंही ठेवू नका, नेहमी झेरॉक्सच द्या. दोन दिवसांनी जाल तेव्हा ‘माझं बिल काय झालं’ असं विचारू नका, ‘आवक क्रमांक अमुक, आता कुणाच्या टेबलावर आहे’ असं विचारा. विनाअनुदानित कोर्सचे धनादेश अनेक ठिकाणी संस्थेच्या ऑफिसात सहीला जातात. तिथं गेलं असेल तर कोणत्या तारखेला गेलं ते कळलं पाहिजे.

व्हाउचरवर सही करताना सांभाळा. काही ऑफिसांत ‘रक्कम मिळाली’ अशी पोहोच आधीच घ्यायची पद्धत असते, म्हणजे कागद पूर्ण होतो. त्यात नेहमीच वाईट हेतू असतो असं नाही. पण पैसे आले नाहीत आणि पोहोच त्यांच्याकडं आहे, तर पुढं तुमच्याकडं बोलायला काही उरत नाही. सही करावीच लागली तर तिच्या शेजारी ‘रक्कम बँक खात्यात जमा झाल्यावर ग्राह्य’ असं लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

घरी बसून एक गोष्ट तपासता येईल. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली या कॉलेजच्या नावानं कर कपातीची नोंद आहे का बघा. मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवणारी कॉलेजं वर्षाची रक्कम ५०,००० च्या वर गेली की १० टक्के कर कापतात. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. कपात पैसे देताना किंवा खात्यात देणं नोंदवताना, यातलं जे आधी होईल तेव्हा करायची असते. म्हणून पैसे हातात नसताना नोंद दिसली, तर त्यांच्या वहीत तुमचं देणं लागलेलं आहे. मग ‘हजेरी जुळत नाही’ हे कारण टिकत नाही, आणि ती नोंद पुढच्या पत्राला जोडता येते. या एका सत्राच्या रकमेवर नोंद दिसेलच असं नाही. त्यामुळं नसली तर तिचा काही अर्थ लावू नका.

दिलेली तारीख उलटली तर दुसरं पत्र प्राचार्यांना, आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन, चार ओळींचं. त्यानंतर संस्थेच्या सचिवांना. त्याच्या पुढची वेळ आली तर केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा तीन वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीत कॉलेजनं ‘देणं आहे’ असं सहीनिशी लिहून दिलं तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. म्हणून त्यांचं प्रत्येक लेखी उत्तर जपून ठेवा, नकाराचंसुद्धा. अनुदानित तुकडीवर तासिका तत्त्वानं शिकवणाऱ्यांचं थोडं निराळं असतं. त्यांचं बिल उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कोल्हापूर कार्यालयातून जातं. ‘ग्रँट आली नाही’ असं उत्तर मिळालं तर बिल तिकडं पाठवल्याचा जावक क्रमांक मागायचा. नाहीच दिला तर अनुदानित कॉलेजला माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जावर तेच विचारता येतं आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

जूनबद्दल तुम्हाला वाटणारी भीती मी खोटी म्हणणार नाही. पण तुम्हाला पुन्हा बोलवायचं की नाही हे विभागप्रमुख ठरवतात, अकाउंट सेक्शन नाही. म्हणून तक्ता घेऊन आधी त्यांच्याकडं जा. प्रमाणपत्र त्यांचंच आहे, पत्र त्यांच्या मार्फत जाणार आहे. त्यांना न सांगता लेखा विभागाला पत्र गेलं तर ते दुखावतील. मसुदा त्यांना दाखवा, एखादा शब्द बदला म्हणाले तर बदला, फक्त आकडे आणि तारीख बदलू नका. आणि चालू सत्राच्या ज्या तासिका सुरू आहेत, त्यांचा असाच तक्ता फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या सहीसाठी न्या. महिन्याला एक पान असेल तर सही मागायला संकोच वाटत नाही आणि फरक निघालाच तर तो कुणाला तरी आठवत असतो.